पोटातल्या बाळाचं वजन: सोनोग्राफीचा आकडा, त्यातली चूक आणि ‘बाळ मोठं आहे’ म्हटल्यावर पुढे काय

श्रावण संपत आला की माझ्या ओपीडीत एक ठराविक प्रश्न वाढतो. नवरा मुंबईला, गणपतीची रजा आठ दिवसांची, बायको नऊ महिने भरत आलेली, आणि हातात सोनोग्राफीचा कागद. त्यावर वजन जरा जास्त दिसलं की घरच्यांना तारीख ठरवायला कारणच मिळतं. गेल्या पावसाळ्यात देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या बाईच्या कागदावर वजनाचा अंदाज म्हणून लिहिलं होतं: EFW 4197 g. सासूबाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “बाईनू, प्वार चार किलोच्या वर आसा म्हणतत. आता फाडूचाच लागतला काय?”

या एका बाईच्या कागदावरून अख्खी वाट दाखवता येते, म्हणून तिचीच गोष्ट धरून लिहिते. ग्रामीण रुग्णालयातले तरुण डॉक्टर, सोनोग्राफी शिकणारे आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टर डोळ्यासमोर आहेत. गरोदर बाईच्या घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त कागदावरून घरीच निर्णय करू नये.

आधी तारीख, मग वजन

वजनाकडे बघायच्या आधी दिवस किती भरलेत ते पक्कं करा. सगळ्यात भरवशाची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची. तेव्हा बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजलेली असते, आणि त्या वयात सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. पाळीची तारीख त्या सोनोग्राफीशी जुळत असेल तर उत्तमच.

चूक होते ती नवव्या महिन्यात. मशीन प्रत्येक मापापुढे एक वय छापतं. आमच्या बाईच्या कागदावर पोटाच्या घेरापुढे बेचाळीस आठवड्यांच्या आसपासचं वय होतं. तिच्या जावेने त्याचा अर्थ लावला की दिवस उलटून गेलेत. तसा तो नाही. त्याचा अर्थ एवढाच, की सरासरी बाळाच्या पोटाचा घेर इतका व्हायला तेवढे आठवडे लागतात. शेवटच्या महिन्यात बाळ लहान-मोठं असणं हा त्याचा स्वभाव असतो, त्यावरून तारीख बदलायची नसते. तिच्या नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीप्रमाणे कागद काढला त्या दिवशी ३८ आठवडे ४ दिवस झाले होते. माझ्याकडे आली तेव्हा ३८ आठवडे ६ दिवस.

मशीन वजन करत नाही

हे घरच्यांना सांगायला मला मासळीबाजाराचा उपयोग होतो. सुरमई तराजूत टाकली की वजन कळतं. नुसती लांबी-रुंदी पट्टीने मोजून वजन सांगितलं तर तो अंदाज. सोनोग्राफीत आपण हे दुसरं काम करतो. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतो, आणि एक सूत्र त्यावरून वजन सांगतं.

जगभरातल्या बहुतेक मशीनमध्ये बसवलेली सूत्रं टेक्सासमधल्या फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडली. त्यांतलं तीन मापांचं सूत्र असं आहे. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर ग्रॅममध्ये:

```
log10(EFW) = 1.326 - 0.00326*AC*FL + 0.0107*HC
             + 0.0438*AC + 0.158*FL
```

यातलं HC म्हणजे डोक्याचा घेर, AC पोटाचा घेर, FL मांडीचं हाड. सूत्र पाठ करायची गरज नाही, मशीन करतं. पण एकदा हाताने, फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, म्हणजे कुठलं माप किती वजन ओढतं ते बोटांना कळतं. नऊ महिन्यांच्या बाळात मांडीच्या हाडात दोन मिलिमीटरची चूक झाली तर वजन साधारण सत्तर ग्रॅमने हलतं. डोक्याचा घेर एक सेंटिमीटरने चुकला तर शंभर ग्रॅमच्या आत. पोटाचा घेर एक सेंटिमीटरने चुकला तर मात्र पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. म्हणजे सगळा खेळ पोटाच्या घेरावर आहे, आणि नवव्या महिन्यात सगळ्यात वाईट मोजलं जातं तेही तेच.

पोटाचा घेर नीट कसा घ्यायचा

बाळाच्या पोटाचा काप आडवा, मणक्याला काटकोनात हवा. नीट कापाच्या खुणा अशा: आकार गोल, एका बाजूला जठराची काळी पिशवी, समोरून आत येणारी नाळेची शीर साधारण एक तृतीयांश अंतरावर यकृतातल्या शिरेला मिळून हॉकीच्या काठीसारखी वळलेली, मागे मणका, आणि दोन्ही बाजूंना बरगड्या सारख्याच लांबीच्या. मूत्रपिंड दिसत असेल तर तुम्ही फार खाली आहात. हृदय दिसत असेल तर फार वर. नाळेची शीर पोटाच्या भिंतीपासून लांबच लांब दिसत असेल तर प्रोब तिरका आहे, काप अंडाकृती झाला आहे आणि घेर वाढून येणार.

लंबवर्तुळ बसवताना रेषा कातडीच्या बाहेरच्या कडेवर ठेवा. नवव्या महिन्यात पाणी कमी होतं, बाळाचं पोट गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतं आणि कड कुठे संपते ते कळत नाही. मग हात नकळत थोडा बाहेर जातो. दुसरी गंमत प्रोब दाबण्याची. जोरात दाबला की गोल पोट चपटं होतं. बाई कुशीवर वळली, पाचेक मिनिटं थांबलो, बाळ हललं, की तोच काप सुंदर मिळतो. बाहेर रांग लागलेली असताना ही पाच मिनिटं कोणी देत नाही, हे मला माहीत आहे.

पडदा भरेल इतकी प्रतिमा मोठी करा. तीन वेगवेगळे काप घ्या आणि सरासरी काढा. एकाच गोठवलेल्या चित्रावर तीनदा रेषा ओढणं म्हणजे तीन मापं नव्हेत. तीन मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर एकही माप विश्वासाचं नाही, परत घ्या.

डोक्याबद्दल थोडक्यात. नवव्या महिन्यात डोकं ओटीत खोल उतरलेलं असतं आणि दाबून लांबट होतं, त्यामुळे कानशिलांतली रुंदी कमी येते. घेर त्यापेक्षा बरा टिकतो, म्हणून मी मोठ्या बाळाच्या शंकेत वर दिलेलं तीन मापांचंच सूत्र वापरते. मांडीचं हाड आडवं, किरणांना जवळपास काटकोनात हवं, आणि फक्त पांढरं हाड मोजायचं, टोकाची बारीक चकाकणारी शेपटी नाही.

आता आमची बाई. बाहेरच्या कागदावर डोक्याचा घेर ३४.६, पोटाचा घेर ३८.५, मांडीचं हाड ७.४ सेंटिमीटर होतं. सूत्रात घाला, ४१९७ ग्रॅम येतात. गणित बरोबर आहे. सोबतच्या चित्रात मात्र नाळेची शीर भिंतीपासून मधोमधपर्यंत लांब दिसत होती आणि एकीकडच्या बरगड्या दुसरीपेक्षा लांब होत्या. मी तिला डाव्या कुशीवर घेऊन पुन्हा मोजलं. पोटाचे तीन घेर आले ३६.२, ३६.५ आणि ३६.८, सरासरी ३६.५. बाकी मापं जवळपास तीच. पुन्हा सूत्र:

```
AC*FL = 36.5 * 7.4 = 270.1
1.326 - 0.8805 + 0.3702 + 1.5987 + 1.1692 = 3.5836
10^3.5836 = 3833 (सुमारे)
```

एका तिरक्या कापाने साडेतीनशेहून जास्त ग्रॅम वाढवले होते. सोनोग्राफी करणाऱ्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. दिवसाला चाळीस बायका बघताना माझाही काप कधीतरी तिरका जातो.

कागदावरच्या ± चा अर्थ

पहिल्या कागदावर ४१९७ च्या पुढे बारीक अक्षरात ± 630 g छापलेलं होतं. ते घरच्यांनी वाचलं नव्हतं, आणि ज्या डॉक्टरांनी ‘मोठं बाळ’ म्हणून माझ्याकडे पाठवलं त्यांनीही बहुधा नाही.

सूत्राची चूक साधारण अशी असते. मापं निर्दोष घेतली तरी सुमारे दोन तृतीयांश बाळांचं खरं वजन अंदाजाच्या सात-आठ टक्के इकडे-तिकडे असतं, आणि शंभरातली पंच्याण्णव बाळं पंधरा टक्क्यांच्या आत. घाईत घेतलेली मापं, लठ्ठ पोट, कमी पाणी असेल तर हा पट्टा आणखी रुंद होतो. टक्केवारी तीच राहिली तरी मोठ्या बाळात ग्रॅम जास्त होतात, हेही विसरू नका. अडीच किलोच्या बाळात पंधरा टक्के म्हणजे पावणेचारशे ग्रॅम, चार किलोच्या बाळात सहाशे.

म्हणून ३८३३ हा आकडा मी घरच्यांना सांगतच नाही. त्याच्या पंधरा टक्के खाली ३२५८, वर ४४०८. मी म्हणाले, “बाळ सव्वातीन ते चार किलो चारशेच्या दरम्यान कुठेही असू शकतं, बहुतेक साडेतीन ते चारच्या मध्ये.” सासूबाईंना हे पटेना. मशीनवर तर आकडा ग्रॅमपर्यंत येतो! तो चौथा आकडा मशीनचा दिखावा आहे, हे समजावण्यात माझे निम्मे शब्द जातात.

आणखी एक हिशोब आहे, आणि कोकणात तो फार महत्त्वाचा. आपल्याकडे पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन पावणेतीन-तीन किलोच्या आसपास असतं. चार किलोवरची बाळं मोजकीच. समजा, हजार बाळंतपणांत अशी वीस बाळं आहेत, सोनोग्राफी त्यातली बारा पकडते, आणि उरलेल्या ९८० मधल्या पाच टक्क्यांना चुकून मोठं म्हणते. हे आकडे मी हिशोबापुरते धरलेत. पाच टक्के म्हणजे ४९. मग ‘चार किलोवर’ असा शिक्का बसला ६१ बायकांवर, आणि खरी मोठी बाळं त्यात बारा. पाचातला एकच शिक्का खरा. जिथे मोठी बाळं जास्त जन्मतात त्या देशात याच मशीनचा हाच शिक्का जास्त वेळा खरा ठरतो. गोष्ट दुर्मीळ असली की चांगली चाचणीसुद्धा जास्त करून खोटाच इशारा देते.

मग बाईकडे बघा

म्हणून आकड्याच्या शेजारी बाई ठेवायची. पहिलं बाळ किती किलोचं होतं आणि कसं झालं? या बाईचं पहिलं बाळ ३.२ किलोचं, सरळ बाळंतपण, खांदे अडकले नव्हते. आई-बाप दोघेही मध्यम उंचीचे. गरोदरपणात वजन अकरा किलोने वाढलेलं. पोट हाताने तपासलं तेव्हा मलाही बाळ साडेतीनच्या आसपास वाटलं. नवव्या महिन्यात अनुभवी हाताचा अंदाज सोनोग्राफीच्या फार मागे नसतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि आधी बाळंतपण झालेल्या बाईला नक्की विचारा, “मागच्यापेक्षा हे मोठं वाटतं का?” तिचाही अंदाज तोडीस तोड असतो. ही म्हणाली, “वाईच मोठा वाटता, पण लय नाय.”

त्यानंतर साखर. मधुमेह असलेल्या आईच्या बाळाचं प्रकरण वेगळं. त्याच्या अंगावरची चरबी खांदे आणि धडावर जास्त बसते, डोकं मात्र नेहमीचंच राहतं. म्हणजे डोकं निघतं आणि खांदे अडकतात. म्हणून तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या बाळापेक्षा इथे धोका जास्त. आपल्या सरकारी कार्यक्रमात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात, १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी. हिची दुसरी चाचणी ११८ होती. तरी मी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पुन्हा बघितली: ८४ आणि ११२. साखर नाही. कागदावर चाचणी सापडली नाही तर ‘झाली असेल’ असं धरून पुढे जाऊ नका. मोठ्या बाळाच्या शंकेत मी चुकीची धरलेली गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

थांबायचं, कळा आणायच्या की सिझर?

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं: मधुमेह नसेल तर अंदाज ५००० ग्रॅम किंवा जास्त असेल तेव्हा, आणि मधुमेह असेल तर ४५०० ग्रॅमपासून, ठरवून सिझर करण्याचा विचार करावा. आपल्या केंद्र सरकारच्या गरोदरपणातल्या मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेही आईच्या बाळाचा अंदाज चार किलोवर असेल तर ३९ आठवड्यांना सिझरचा विचार करावा, असं आहे. आपल्या बायकांची चण बघता ही खालची रेघ मला समजते, मात्र ती मधुमेहासाठी आहे. मधुमेह नसलेल्या बाईला ती लावली जाते, आणि तिथेच नको ती सिझर होतात.

उंबरठा इतका वर का ठेवला, त्याचा हिशोब १९९६ साली अमेरिकेत मांडला गेला. मधुमेह नसलेल्या बायकांत ४५०० ग्रॅमच्या अंदाजावर सिझर करत गेलो, तर खांदा अडकून होणारी हाताच्या नसांची एक कायमची इजा टाळायला ३६९५ सिझर करावी लागतात. मधुमेह असेल तर ४४३. त्या सिझरचा रक्तस्राव, पुढच्या गरोदरपणी वार जुन्या टाक्यावर रुजण्याचा धोका, हे सगळं तराजूच्या दुसऱ्या पारड्यात. आणि खांदा अडकण्याच्या घटनांपैकी निम्म्याच्या आसपास चार किलोच्या आतल्या बाळांत होतात. म्हणजे मोठी बाळं वेगळी काढून संकट संपत नाही.

दुसरा मार्ग कळा आणण्याचा. बाळ अजून वाढायच्या आत बाळंत करावं, हा विचार सरळ आहे. त्यावरचे दोन मोठे अभ्यास एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. २०१५ मध्ये फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या ८२२ बायकांत ३७ ते ३९ आठवड्यांच्या मध्ये कळा आणल्या, तेव्हा खांदा अडकणं आणि त्याच्याशी निगडित इजा मिळून ६ वरून २ टक्क्यांवर आल्या. बाळं सरासरी २८७ ग्रॅमने लहान जन्मली, पण काविळीसाठी दिव्याखाली ठेवावी लागणारी बाळं वाढली. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या २८९३ बायकांच्या अभ्यासात ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर चारेक दिवसांत कळा आणायच्या ठरवल्या. खांदा अडकण्याचं प्रमाण २.३ विरुद्ध ३.१ टक्के आलं, आणि हा फरक योगायोग नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. वाट बघायच्या गटातल्या अनेक बायकाही लवकरच बाळंत झाल्या होत्या. ठरल्याप्रमाणे झालेल्यांचाच हिशोब केला तर फायदा दिसतो.

हे दोन्ही अभ्यास वाचून मी जे करते ते असं. मधुमेह नाही, अंदाज चार ते साडेचार किलो: ३९ आठवड्यांआधी कळा आणत नाही. अमेरिकन संघटनाही निव्वळ वजनाच्या शंकेवर ३९ च्या आधी नको म्हणते. ३९ नंतर बाईला दोन्ही पर्याय सांगते. पहिलटकरीण असेल आणि गर्भपिशवीचं तोंड कच्चं असेल तर मी थांबण्याकडे झुकते, दुसरेपणाची आणि तोंड पिकलेलं असेल तर कळा आणायला तयार असते. मधुमेह ताब्यात असेल तर ३९ पूर्ण झाल्यावर कळा. साखर ताब्यात नसेल तर सगळा विचार आधीच करावा लागतो आणि तो वरच्या रुग्णालयात व्हावा.

आमच्या बाईचा अंदाज मुळात चारच्या आत आला होता. तिला सिझरचं कारणच नव्हतं. नवऱ्याने फोनवरून विचारलं, “डॉक्टर, माझी रजा रविवारपर्यंत आहे, तर शनिवारी करून टाकूया का?” मी म्हटलं, रजा वाढवायची चिठ्ठी देते, पोट फाडायची देत नाही.

बाळंतपण कुठे, हा खरा निर्णय

वजनाच्या वादात हा प्रश्न मागे पडतो. आमच्याकडे पावसात रस्ता तुटतो, साकव वाहून जातो, रात्री घाटात दरड येते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा पुढे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जायला उन्हाळ्यात लागणारा वेळ आणि आषाढ-श्रावणात लागणारा वेळ यांत फार अंतर. खांदा अडकला तर हातात मिनिटं असतात, १०८ ला फोन करून काही होत नाही. म्हणून मोठ्या बाळाची शंका असलेल्या बाईचं बाळंतपण उपकेंद्रात नको. जिथे सिझर होऊ शकतं, रक्त मिळतं, बाळाला श्वास देणारं माणूस आहे आणि खांदा सोडवायचा सराव झालेली टीम आहे, तिथेच. ही बाई ३९ व्या आठवड्यापासून रुग्णालयाजवळ राहणाऱ्या मावशीकडे येऊन राहिली. मला वाटतं, तिच्या सगळ्या काळजीत सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच झाली.

कळा सुरू झाल्यावर

‘मोठं बाळ’ हा शिक्का लागला की डॉक्टरचा हात सिझरकडे लवकर जातो, बाळ प्रत्यक्षात मोठं असो-नसो. त्यामुळे कळांच्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवा आणि निर्णय तोंड उघडण्याच्या आणि डोकं उतरण्याच्या वेगावर घ्या. पहिली अवस्था हळू चालली तरी पुढे सरकत असेल तर चालू द्या. दुसऱ्या अवस्थेत डोकं वरच अडकून राहिलं आणि बाळ मोठं असण्याची दाट शंका असेल, तर व्हॅक्यूम लावून ओढू नका. वरून ओढून काढलेल्या डोक्यामागे खांदे अडकण्याची शक्यता जास्त. तिथे सिझर योग्य.

डोकं बाहेर येऊन कासवासारखं पुन्हा आत ओढलं गेलं, गाल बाईच्या अंगाला घट्ट चिकटले, की समजा खांदा अडकला. मोठ्याने सांगा, माणसं बोलवा, एकीला घड्याळ बघायला लावा. बाईला जोर करू नको म्हणा. दोघींनी तिचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे पूर्ण दाबायचे. तिसरीने ओटीपोटाच्या खालच्या हाडाच्या लगेच वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने, तळहाताने दाबून पुढचा खांदा बाजूला सरकवायचा. एवढ्यानेच बरीच बाळं येतात. नाही आलं तर हात आत घालून मागचा हात शोधा, कोपरात दुमडून छातीवरून बाहेर काढा, नाहीतर खांद्यावर बोटं ठेवून बाळ फिरवा. बाईला हात-गुडघ्यांवर ओणवं करणं हाही चांगला उपाय आहे. चीर घ्यायची ती फक्त हात आत जायला जागा हवी म्हणून, कारण अडकलेलं असतं हाडाला.

दोन गोष्टी मात्र कधीच नाहीत. मान वाकवून जोरात ओढायचं नाही, आणि पोटाच्या वरच्या टोकावर दाब द्यायचा नाही. दुसरी गोष्ट अजूनही काही ठिकाणी सवयीने होते. तिने खांदा हाडात आणखी घट्ट रुततो.

बाळ झाल्यावर लगेच आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिट, कारण ताणलेली गर्भपिशवी सैल राहून रक्त जातं. फाटलंय का ते चांगल्या उजेडात बघा, गुदद्वारापर्यंत. आईला मधुमेह असेल तर बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजा आणि पहिल्या काही तासांत बाळाची साखर तपासा. दोन्ही हात सारखे हलतात का, तेही बघा.

स्वतःची चूक मोजायची वही

आमच्या बाईला ३९ आठवडे ५ दिवसांना आपसूक कळा आल्या आणि चार तासांत ती बाळंत झाली. मुलगी, खांदे सहज, वजन ३५६० ग्रॅम. माझ्या मोजमापानंतर सहा दिवसांनी.

मी एक वही ठेवते. सोनोग्राफीचा अंदाज, किती दिवसांनी बाळंत, खरं वजन, आणि चूक टक्क्यांत. अंदाजातून खरं वजन वजा करायचं, खऱ्या वजनाने भागायचं, शंभरने गुणायचं. माझ्या ३८३३ ची चूक +७.७ टक्के. पण बाळ त्या सहा दिवसांत थोडं वाढलंही असणार. या दिवसांत आठवड्याला दीडशे ग्रॅम धरले तर मोजलं त्या दिवशी ते ३४३० च्या आसपास असेल, म्हणजे माझी खरी चूक बाराच्या जवळ. पट्ट्यात बसली, पण शाबासकी देण्यासारखी नाही. बाहेरच्या कागदाची चूक त्याच बाळावर, वाढ न धरताही, १८ टक्के.

बाळंतपण सात दिवसांच्या आत झालं असेल त्याच नोंदी हिशोबात घ्या, नाहीतर बाळाची वाढ आणि तुमची चूक एकमेकांत मिसळतात. पन्नास नोंदी झाल्या की अधिक-उणे चिन्हासकट सरासरी काढा. ती शून्याजवळ असेल आणि चुका दोन्हीकडे पसरलेल्या असतील तर ती सूत्राची मर्यादा. सरासरी सतत +६ येत असेल तर तुमचा हात सवयीने बाहेर जातोय, किंवा काप तिरका. माझी पहिल्या वर्षाची सरासरी +५ होती. कातडीच्या बाहेरच्या कडेऐवजी मी तिच्याही बाहेर, गर्भाशयाच्या भिंतीवर रेषा ठेवत होते, हे मला तेव्हा कळलं.

आणि नवजात बाळाचा काटाही तपासा. आमच्या प्रसूती वॉर्डातला काटा एकदा रिकामा असताना ८० ग्रॅम दाखवत होता. त्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या नोंदी मी खोडून टाकल्या.